वर्ग बहुपदीचा आलेख काढताना: शिरोबिंदू, सममिती अक्ष, छेदनबिंदू आणि बिंदूंचा पडताळा

दहावीपर्यंत विद्यार्थ्यांनी आलेख काढलेले असतात, पण ते बहुतेक रेषीय समीकरणांचे असतात. तिथे दोन बिंदू मिळाले की रेषा निश्चित होते, तिसरा बिंदू पडताळ्यासाठी घ्यायचा आणि पट्टी लावून रेषा ओढायची, एवढी सवय हाताला लागलेली असते. y = ax² + bx + c या प्रकारच्या आलेखाची कार्यपत्रिका समोर आली की हीच सवय आड येते. विद्यार्थी x च्या जागी 0, 1, 2, 3 या किमती घेतो, चार बिंदू मांडतो, ते पट्टीने जोडतो, आणि आलेखाचा अर्धा भाग कागदावर आलेलाच नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवले आहे. त्यानंतर ज्याची उत्तरे पूर्णांकात येत नाहीत असे दुसरे उदाहरण थोडक्यात घेतले आहे.

पहिले उदाहरण असे आहे:

y = −x² + 3x + 4

हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. त्यात x² चा सहगुणक ऋण आहे आणि सममिती अक्ष पूर्णांकावर येत नाही. कार्यपत्रिकेत होणाऱ्या बहुतेक चुका या दोनच ठिकाणी होतात.

आधी सममिती अक्ष, मग तक्ता

समीकरण मिळाल्याबरोबर x च्या किमतींचा तक्ता करायला घेऊ नये. आधी a, b, c चिन्हांसह लिहून काढावेत: a = −1, b = 3, c = 4. a ऋण असल्यामुळे वक्र खाली उघडणारा आहे, म्हणजे शिरोबिंदू हा आलेखातील सर्वांत वरचा बिंदू असणार, हे एका वाक्यात कागदाच्या कडेला लिहून ठेवावे. पुढे एखादा बिंदू शिरोबिंदूच्याही वर गेला, तर हे वाक्य पाहून चूक लगेच पकडता येते.

या आलेखाच्या वक्राला अन्वस्त म्हणतात. तो एका उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. ती रेषा म्हणजे सममिती अक्ष. तिचे समीकरण असे मिळते:

x = −b / (2a) = −3 / (2 × (−1)) = −3 / −2 = 1.5

छेदातील कंस गाळू नये. गणकयंत्रावर b ला 2 ने भागून लगेच a ने गुणले, तर भागण्याऐवजी गुणाकार होतो. आपल्या उदाहरणात a = −1 असल्याने उत्तर योगायोगाने 1.5 च येते आणि चूक झाकली जाते. a = 2 असलेल्या पुढच्या उदाहरणात मात्र तीच पद्धत 1 ऐवजी 4 देते. उत्तर लिहिताना नुसते "1.5" न लिहिता "x = 1.5" असे लिहावे, कारण अक्ष ही रेषा आहे, संख्या नव्हे.

आता शिरोबिंदू. x = 1.5 ही किंमत मूळ समीकरणात घालायची:

y = −(1.5)² + 3(1.5) + 4 = −2.25 + 4.5 + 4 = 6.25

शिरोबिंदू (1.5, 6.25) आहे. इथे एक चूक वारंवार दिसते. विद्यार्थी 1.5 ही किंमत काढतो आणि तक्ता पूर्णांकांचाच करायचा म्हणून ती 2 करून टाकतो. मग (2, 6) हा बिंदू शिरोबिंदू म्हणून लिहिला जातो आणि x = 2 या रेषेभोवती सगळा आलेख वाकडा होतो. शिरोबिंदूचे निर्देशक अपूर्णांकात येणे यात काहीही गैर नाही. ते जसे आले तसेच ठेवावेत.

छेदनबिंदू

Y-अक्षावरचा छेदनबिंदू काढायला काहीच कष्ट नाहीत. x = 0 घातले की फक्त c उरतो, म्हणून तो बिंदू (0, 4) आहे. या बिंदूचा अर्थ मात्र पुरता वापरून घ्यावा. (0, 4) हा सममिती अक्षापासून 1.5 एकक डावीकडे आहे. म्हणून अक्षाच्या उजवीकडे तितक्याच अंतरावर, म्हणजे x = 3 वर, y पुन्हा 4 च असायला हवा. एकही आकडेमोड न करता (3, 4) हा बिंदू मिळाला.

X-अक्षावरचे छेदनबिंदू म्हणजे y = 0 असतानाचे बिंदू. म्हणून −x² + 3x + 4 = 0 हे वर्गसमीकरण सोडवायचे. दोन्ही बाजूंना −1 ने गुणले की x² − 3x − 4 = 0 मिळते. त्याचे अवयव (x − 4)(x + 1) = 0, म्हणून x = 4 किंवा x = −1. बिंदू (4, 0) आणि (−1, 0).

यातील −1 ने गुणण्याची पायरी फक्त समीकरण सोडवण्यापुरती आहे, कारण शून्याला −1 ने गुणले तरी शून्यच राहते. काही विद्यार्थी पुढचा तक्ता मात्र y = x² − 3x − 4 याचा करतात. X-अक्षावरचे दोन्ही बिंदू बरोबर येतात, पण वक्र उलटा, वर उघडणारा होतो. कडेला लिहिलेले "खाली उघडणारा" हे वाक्य इथे उपयोगी पडते.

आता पहिला खरा पडताळा करता येतो. X-अक्षावरचे दोन छेदनबिंदू सममिती अक्षापासून सारख्या अंतरावर असलेच पाहिजेत, म्हणून त्यांची सरासरी अक्षाशी जुळली पाहिजे: (−1 + 4) / 2 = 1.5. जुळली. अक्ष आपण सूत्राने काढला आणि मुळे अवयवांनी काढली. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो, म्हणून या पडताळ्याला वजन आहे.

तक्ता अक्षाभोवती मांडावा

आता तक्ता करायचा. x च्या किमती कुठून कुठे घ्यायच्या हे अक्ष ठरवतो. 1.5 च्या दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने किमती याव्यात म्हणून −2 पासून 5 पर्यंतचे आठ पूर्णांक घेतले:

| x | −2 | −1 | 0 | 1 | 2 | 3 | 4 | 5 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| y | −6 | 0 | 4 | 6 | 6 | 4 | 0 | −6 |

y च्या किमती दोन्ही टोकांकडून सारख्याच वाचता येतात. अक्ष दोन पूर्णांकांच्या मधोमध आल्यामुळे मधली किंमत 6 दोनदा आली आहे. अक्ष पूर्णांकावर असता, तर मधली किंमत एकदाच आली असती.

सर्वांत जास्त चुका ऋण x ची किंमत घालताना होतात. x = −1 घेतल्यावर −x² चा अर्थ −(−1)², म्हणजे −(1) = −1 असा होतो. आधी वर्ग, मग बाहेरचे ऋण चिन्ह. "ऋण गुणिले ऋण म्हणजे धन" हे पाठ असलेला विद्यार्थी बाहेरचे चिन्हही त्या गुणाकारात ओढतो आणि +1 लिहितो. मग y = 1 − 3 + 4 = 2 येते, आणि x = −2 साठीही 4 − 6 + 4 = 2 येते. धन किमतींसाठी तोच विद्यार्थी बरोबर उत्तरे काढतो, म्हणून तक्त्याचा उजवा भाग बरोबर आणि डावा भाग चुकीचा अशी स्थिती होते. अशा उत्तरपत्रिकेत (−1, 0) हा छेदनबिंदू अवयवांनी बरोबर काढलेला असतो आणि त्याच पानावरच्या तक्त्यात x = −1 समोर 2 लिहिलेले असते. एकाच x साठी दोन वेगवेगळे y येऊ शकत नाहीत, ही विसंगती दिसली की थांबावे. किंमत घालताना प्रत्येक वेळी कंस लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

बिंदूंचा पडताळा: जुळणे आणि खरे असणे यांतला फरक

तक्त्यातला प्रत्येक बिंदू पुन्हा समीकरणात घालून पाहणे हा पडताळा सगळ्यांना माहीत असतो. पण ज्या पद्धतीने किंमत काढली त्याच पद्धतीने ती तपासली, तर पहिल्यांदा केलेली चूक दुसऱ्यांदाही होते. −(−1)² ला +1 मानणारा विद्यार्थी पडताळ्यातही +1 च मानेल आणि समाधानाने पुढे जाईल. म्हणून पडताळा दुसऱ्या वाटेने करावा. अशा दोन वाटा आहेत.

पहिली वाट शिरोबिंदूपासून निघते. शिरोबिंदूपासून आडवे h इतके अंतर सरकले, की y मध्ये a × h² इतका बदल होतो. आपल्याकडे a = −1, म्हणून y = 6.25 − h². x = 2 हा अक्षापासून 0.5 अंतरावर आहे, म्हणून y = 6.25 − 0.25 = 6. x = 3 साठी h = 1.5, म्हणून 6.25 − 2.25 = 4. x = 4 साठी 6.25 − 6.25 = 0, आणि x = 5 साठी 6.25 − 12.25 = −6. डावीकडचे बिंदू याच अंतरांवर आहेत, त्यामुळे चार वजाबाक्यांत आठही बिंदू तपासून होतात. शिवाय h² नेहमी धन असल्याने चिन्हाची मघाशी पाहिलेली चूक इथे शिरूच शकत नाही.

दुसरी वाट फरकांची आहे. x च्या किमती सारख्या अंतराने घेतल्या असतील, तेव्हाच ती चालते. y च्या लागोपाठच्या किमतींमधला फरक लिहावा, आणि त्या फरकांमधला फरक पुन्हा लिहावा:

```
y           : −6   0   4   6   6   4   0   −6
पहिला फरक   :   6   4   2   0  −2  −4  −6
दुसरा फरक   :    −2  −2  −2  −2  −2  −2
```

x एकेक एककाने वाढत असेल तर दुसरा फरक सगळीकडे सारखा आणि 2a इतकाच असतो. इथे 2a = −2, आणि ओळभर −2 च आहे. समजा, x = 3 समोर चुकून 4 ऐवजी 5 लिहिले गेले, तर दुसऱ्या फरकांची ओळ −2, −2, −2, −1, −4, −1 अशी होते. एकाच बिंदूत चूक असेल तर लागोपाठचे तीन फरक बिघडतात आणि मधला सर्वांत जास्त बिघडतो. मधला फरक ज्या x चा, चूक त्याच x ची. इथे −4 हा फरक x = 3 जवळचा आहे, म्हणजे पूर्ण तक्ता पुन्हा न करता नेमकी एकच किंमत तपासायची. चुकीचे माप आणि दिशाही कळते: बाजूचे फरक −2 ऐवजी −1 झाले, म्हणजे लिहिलेली किंमत 1 ने जास्त आहे.

या पडताळ्याला एक मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवलीच पाहिजे. सर्व किमतींमध्ये सारखीच चूक असेल, तर दुसरे फरक सारखेच राहतात. कोणी 4 मिळवायचेच विसरले, तर आठही किमती 4 ने कमी येतील आणि फरकांची ओळ तरीही −2, −2 अशीच दिसेल. फरक फक्त एवढेच सांगतात की बिंदू एकाच अन्वस्तावर आहेत आणि त्या अन्वस्ताचा a बरोबर आहे. तो अन्वस्त आपल्याच समीकरणाचा आहे का, हे Y-अक्षावरचा बिंदू c शी आणि X-अक्षावरचे बिंदू मुळांशी ताडूनच कळते.

आरशासारख्या सममितीचेही असेच आहे. उजवीकडचे बिंदू काढून डावीकडचे सममितीने भरले, तर ते जुळणारच. ते जुळवूनच लिहिलेले आहेत. सममितीने भरलेल्या भागातला निदान एक बिंदू, शक्यतो ऋण x चा, समीकरणात घालून स्वतंत्रपणे तपासावा.

कागदावर

आलेख कागदावर X-अक्षावर 1 सेमी = 1 एकक आणि Y-अक्षावरही 1 सेमी = 1 एकक हे प्रमाण इथे पुरते. x −2 पासून 5 पर्यंत आणि y −6 पासून 6.25 पर्यंत जातो, म्हणून आरंभबिंदू कागदाच्या मध्यभागी पण किंचित डावीकडे घ्यावा. दोन्ही अक्षांवर वेगवेगळे प्रमाण घेतले तरी चालते, मात्र ते कोपऱ्यात लिहिलेच पाहिजे.

सममिती अक्ष तुटक रेषेने आधी काढावा आणि त्यावर x = 1.5 असे लिहावे. मग शिरोबिंदू मांडावा. लहान घर 1 मिमीचे असल्याने 6.25 हा 6.2 आणि 6.3 च्या रेषांच्या मधोमध येतो. त्यानंतर छेदनबिंदू आणि तक्त्यातले बाकीचे बिंदू मांडावेत. बिंदू मांडताना निर्देशकांची अदलाबदल झाली, तर (3, 4) च्या जागी (4, 3) येतो. तो तुटक रेषेच्या पलीकडच्या जोडीदाराशी, म्हणजे (0, 4) शी, एका आडव्या ओळीत राहत नाही आणि म्हणून डोळ्यांना लगेच खटकतो. तुटक रेषा आधी काढण्याचा मोठा फायदा हाच आहे.

वक्र पट्टीने जोडू नये. या उदाहरणात (1, 6) आणि (2, 6) पट्टीने जोडले की वक्राचा माथा सपाट होतो आणि शिरोबिंदू त्या रेषेच्या वर एकटाच तरंगत राहतो. दुसऱ्या बाजूने, शिरोबिंदूला टोक काढणेही चूकच. माथ्याजवळ हात अडत असेल तर तिथे आणखी दोन बिंदू घ्यावेत: x = 1.25 आणि x = 1.75 साठी h = 0.25, म्हणून y = 6.25 − 0.0625, म्हणजे सुमारे 6.19. शिरोबिंदूपासून पाव एकक सरकल्यावर उंची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त उतरते, इतका तो भाग आडवा असतो. कागद असा फिरवावा की मनगट वक्राच्या आतल्या बाजूला राहील, मग हात सहज वळतो. दोन्ही टोकांना बाण काढावेत, कारण वक्र तक्त्याच्या शेवटी संपत नाही.

वक्र काढून झाल्यावर एक शेवटचा पडताळा करावा. तो आकडेमोडीचा नाही, हाताचा आहे. तक्त्यात नसलेला x घ्यावा, समजा 3.5. आधी आलेखावरून y वाचावा आणि लिहून ठेवावा, मगच समीकरणात किंमत घालावी: −12.25 + 10.5 + 4 = 2.25. वाचलेली किंमत 2.2 किंवा 2.3 आली तर वक्र चांगला आहे. ती 2 आली तर विद्यार्थ्याने (3, 4) आणि (4, 0) बहुधा सरळ रेषेने जोडले आहेत, कारण त्या रेषेचा मध्य नेमका 2 वर येतो.

मुळे पूर्णांकात नसतील तेव्हा

दुसरे उदाहरण: y = 2x² − 4x − 3. इथे अक्ष x = 4 / (2 × 2) = 1, शिरोबिंदू (1, −5), आणि वक्र वर उघडणारा आहे. Y-अक्षावर (0, −3), आणि सममितीने (2, −3). विवेचक b² − 4ac = 16 + 24 = 40 आहे. 40 पूर्ण वर्ग नाही, म्हणून अवयव शोधत बसू नये. सूत्राने x = (4 ± √40) / 4, म्हणजे सुमारे 2.58 आणि −0.58. सरासरी पुन्हा 1.

आलेखावर हा छेदनबिंदू 2.6 जवळ दिसेल. विद्यार्थी 2.6 समीकरणात घालतो, y = 13.52 − 10.4 − 3 = 0.12 येते, शून्य येत नाही, आणि तो बरोबर काढलेला आलेख खोडतो. हे टाळायचे असेल तर पडताळा असा करावा: x = 2.5 साठी y = −0.5, आणि x = 2.6 साठी y = 0.12. एक ऋण, एक धन, म्हणजे वक्र या दोन किमतींच्या मध्येच अक्ष ओलांडतो, आणि 0.12 शून्याच्या जास्त जवळ असल्याने 2.6 कडे झुकून ओलांडतो. मिलिमीटरच्या कागदावरून याहून जास्त बारकावा मागता येत नाही. उत्तर लिहिताना अचूक मूळ सूत्रातून घ्यावे आणि आलेखावरचे वाचन "सुमारे 2.6" असे वेगळे लिहावे.

कधी X-अक्षावर एकही छेदनबिंदू नसतो. y = x² − 4x + 6 मध्ये शिरोबिंदू (2, 2) आहे आणि वक्र वर उघडतो. सर्वांत खालचा बिंदूच अक्षाच्या दोन एकक वर आहे, मग वक्र अक्षाला भेटणार कुठे? विवेचक 16 − 24 = −8 हेच सांगतो. कार्यपत्रिकेत ती जागा रिकामी न सोडता "X-अक्षावर छेदनबिंदू नाही" असे लिहावे, आणि आलेखासाठी (0, 6), (1, 3), (2, 2), (3, 3), (4, 6) हे बिंदू घ्यावेत.